ऐंशी टक्क्यांनंतर इलेक्ट्रिक गाडी चार्ज व्हायला एवढा वेळ का लावते?

गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर एक तक्रार हमखास ऐकू येते. वीस टक्क्यांवर लावलेली गाडी जेमतेम अर्ध्या तासात ऐंशीवर पोहोचली आणि आता नव्वद व्हायचं नाव घेत नाही. मालकाला वाटतं चार्जर बिघडला. रांगेत मागे उभ्या असलेल्याला कळत नाही, आणखी किती थांबायचं.

चार्जर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. वेग कमी करायला गाडीच सांगत असते, आणि तसं सांगण्यामागे तिची बॅटरी वाचवण्याचं पक्कं कारण असतं. हे कारण एकदा समजलं की गन, म्हणजे चार्जरचा गाडीत खोचायचा प्लग, कधी काढायची हे ठरवणं सोपं जातं. गावी पोहोचायला लागणाऱ्या वेळातली अर्ध्या-पाऊण तासाची बचत याच निर्णयात असते.

गाडी मागते तेवढंच चार्जर देतो

सुरुवातीला दोन मापं वेगळी करून घेऊ. बॅटरीत किती वीज मावते ते युनिटमध्ये मोजतात. घरच्या वीजबिलातलं युनिट तेच हे. ती वीज किती वेगानं आत जाते ते किलोवॉटमध्ये मोजतात. ४० किलोवॉटनं तासभर वीज गेली तर ४० युनिटं भरली.

हा वेग व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातून येतो. ३६० व्होल्टला १४० अँपिअर करंट जात असेल तर वेग होतो सुमारे ५० किलोवॉट. चार्जरच्या स्क्रीनवर हे तिन्ही आकडे बहुधा दिसतात.

फास्ट चार्जरच्या गनमध्ये खाली दोन जाड पिना असतात, त्यांतून वीज जाते. वरच्या बारीक पिनांतून गाडी आणि चार्जर यांचं बोलणं चालू असतं. गाडीत बॅटरीवर लक्ष ठेवणारं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, त्याला बीएमएस म्हणतात. बॅटरी अनेक लहान सेल जोडून बनलेली असते. बीएमएस प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि बॅटरीचं तापमान बघतं आणि चार्जरला सतत कळवत राहतं, ‘आता एवढे अँपिअर दे’. चार्जर स्वतःच्या क्षमतेत बसेल तेवढं देतो, पण मागितल्यापेक्षा जास्त कधीच देत नाही. ऐंशीनंतर आकडा उतरतो तो ही मागणीच उतरल्यामुळे.

चार्जिंगच्या आलेखात काय दिसतं

चार्जिंग कर्व्ह म्हणजे साधा आलेख. आडव्या रेषेवर बॅटरीची टक्केवारी, उभ्या रेषेवर त्या क्षणी आत जाणारे किलोवॉट. बहुतेक गाड्यांत तो सुरुवातीला उंच आणि सपाट असतो, मधे पायरी-पायरीनं किंवा हळूहळू उतरतो आणि शेवटी झपकन खाली येतो.

एक नमुन्याची गाडी घेऊ. ४० युनिटांची बॅटरी, म्हणजे दर दहा टक्क्यांना ४ युनिटं. चार्जर ६० किलोवॉटचा आणि गाडी एकटीच लागलेली. आपल्याकडच्या मध्यम गाड्यांना शोभेल असा तिचा हिशेब असा मांडता येईल:

| टक्केवारी | वेग | भरलेली युनिटं | वेळ |
|---|---|---|---|
| १० ते ५० | ५० किलोवॉट | १६ | १९ मिनिटं |
| ५० ते ७० | ४० किलोवॉट | ८ | १२ मिनिटं |
| ७० ते ८० | ३० किलोवॉट | ४ | ८ मिनिटं |
| ८० ते ९० | १६ किलोवॉट | ४ | १५ मिनिटं |
| ९० ते ९५ | ८ किलोवॉट | २ | १५ मिनिटं |
| ९५ ते १०० | ४ किलोवॉट | २ | ३० मिनिटं |

दहापासून ऐंशीपर्यंत २८ युनिटं ३९ मिनिटांत. उरलेली ८ युनिटं भरायला पुरा एक तास. जाहिरातीत ‘१० ते ८० टक्के अमुक मिनिटांत’ असं का लिहितात ते इथे दिसतं. आलेखाचा चांगला भाग तेवढाच असतो. यात फसवणूक नाही, पण त्यावरून शंभरचा अंदाज बांधायला गेलं की गणित पार चुकतं.

ऐंशी हा काही जादूचा आकडा नाही. एखादी गाडी सत्तरलाच उतरते, एखादी पंच्याऐंशीपर्यंत तग धरते. आपल्या गाडीचा आलेख काढणं अगदी सोपं आहे. एकदा कमी चार्ज असताना फास्ट चार्जरवर गाडी लावा आणि दर पाच टक्क्यांना स्क्रीनवरचे किलोवॉट कागदावर टिपून घ्या. तुमच्या उपयोगाचा खरा कर्व्ह तोच.

बॅटरीच्या आत काय होतं

चार्ज होताना लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सेलच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. ही दुसरी बाजू ग्रॅफाइटची असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले अतिशय पातळ थर. आयन या थरांच्या कडेवरून आत शिरतात आणि हळूहळू मधल्या भागापर्यंत सरकतात.

मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या जमिनीवर पडतो तेव्हा कितीही जोराची सर आली तरी माती ती पिऊन टाकते. दोन-तीन आठवड्यांनी तीच माती भिजलेली असते. तेव्हा तशीच सर आली की पाणी वर साचतं आणि उतारानं वाहून जातं. खाली अजून थोडी जागा असते, पण वरचा थर भरलेला असल्यामुळे पाणी तिथवर पोहोचायला वेळ लागतो. अशा मातीत रिपरिप पाऊस मुरतो, मुसळधार मुरत नाही.

ग्रॅफाइटचंही असंच होतं. बॅटरी रिकामी असताना आयनांची मोठी सरही आत सामावते. भरत आली की कडेच्या जागा आधी भरतात आणि आतल्या जागांपर्यंत आयन सरकायला वेळ लागतो. त्या वेळी करंट तसाच जोरात ठेवला तर आयन आत न शिरता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच थांबतात आणि तिथे चक्क लिथियम धातूचा थर जमतो. याला लिथियम प्लेटिंग म्हणतात.

या प्लेटिंगचीच बीएमएसला खरी धास्ती असते. जमलेल्या धातूतला काही भाग पुन्हा कामाला येतो, पण काही कायमचा वाया जातो आणि तेवढी बॅटरीची क्षमता घटते. वाईटात वाईट म्हणजे हा धातू सुईसारखा वाढत जाऊन दोन बाजूंमधला पातळ पडदा भेदू शकतो. मग सेलच्या आतच शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो. प्लेटिंग बाहेरून दिसत नाही, त्या दिवशी गाडीला काही जाणवतही नाही. म्हणून ते होऊच नये याची काळजी आधीपासून घ्यावी लागते, आणि आपल्या नमुन्याच्या गाडीत पन्नास टक्क्यांनंतरच वेग उतरू लागला तो यासाठी.

मग शेवटी एकदम एवढी घसरण का?

कारण तिथे दुसरी मर्यादा आडवी येते, व्होल्टेजची. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या, म्हणजे एनएमसी, सेलचं व्होल्टेज ४.२० च्या वर जाऊ द्यायचं नसतं. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटच्या सेलला ही मर्यादा ३.६५ व्होल्टच्या आसपास असते. त्यापुढे गेलं की सेलमधली रसायनं बिघडू लागतात.

प्रत्येक सेलला थोडा अंतर्गत अडथळा असतो. त्यामुळे करंट चालू असताना सेलचं व्होल्टेज त्याच्या विसाव्याच्या व्होल्टेजपेक्षा जास्त दिसतं. आपल्या गाडीत एनएमसीचे ९६ सेल एकापुढे एक जोडलेले आहेत आणि प्रत्येकाचा अडथळा १ मिलिओहम आहे असं धरू. १४० अँपिअर करंट असताना व्होल्टेज ०.१४ नं वर चढतं. म्हणजे विसाव्याचं व्होल्टेज ४.०६ झालं की चार्जिंग चालू असताना ते ४.२० ला टेकतं. साधारण ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांचा हा टप्पा. आता पूर्ण करंट देण्याची सोय संपली.

पुढे बीएमएसच्या हाती एकच उपाय उरतो. व्होल्टेज ४.२० वर धरून ठेवायचं आणि करंट कमी करत न्यायचा. विसाव्याचं व्होल्टेज ४.१६ झालं की मधे फक्त ०.०४ चं अंतर उरतं, म्हणजे ४० अँपिअर. ९६ सेलांचं मिळून व्होल्टेज सुमारे ४०० असतं, तेव्हा वेग होतो १६ किलोवॉट. ४.१९ ला पोहोचल्यावर १० अँपिअर, म्हणजे ४ किलोवॉट. वरच्या तक्त्यातले शेवटचे आकडे असे येतात. हिशेब ढोबळ आहे, कारण अडथळा तापमानाप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो. पण घसरणीचा आकार यातून कळतो.

शेवटच्या दोन-तीन टक्क्यांत आणखी एक काम असतं. ९६ सेल अगदी सारखे कधीच नसतात. एखादा बाकीच्यांच्या आधी मर्यादेला पोहोचतो आणि त्याच्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं, कारण करंट सगळ्यांतून एकच वाहतो. मग बीएमएस पुढे गेलेल्या सेलमधली वीज अगदी थोडी-थोडी उष्णतेच्या रूपात जिरवतं आणि बाकीच्यांना बरोबरीला येऊ देतं. याला बॅलन्सिंग म्हणतात. हे संथच चालतं. स्क्रीनवर ९९ टक्के दिसत राहतात आणि आकडा हलत नाही, तेव्हा अनेकदा हेच चालू असतं.

घरी तर शेवटपर्यंत सारखाच वेग दिसतो!

दिसणारच. घरच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर बॅटरीला जेमतेम १८ अँपिअर मिळतात. एवढ्या करंटनं व्होल्टेज फारसं चढत नाही आणि आयनांना आत सरकायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे मर्यादा आडवी येते ती अगदी शेवटच्या काही टक्क्यांत. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटनं चार्ज केलं तर घसरण जवळजवळ जाणवतच नाही.

म्हणून शंभर टक्के करायचे असतील तर ते घरी, रात्रीतून करावेत. महामार्गावरचा फास्ट चार्जर त्या कामासाठी नाही. ऐंशीनंतर तिथे लागलेली गाडी शेवटी शेवटी घरच्या चार्जरपेक्षाही कमी वेगानं वीज घेते, आणि जागा मात्र ६० किलोवॉटच्या यंत्राची अडवते.

चिपळूणहून कुडाळ: दोन पद्धतींचा हिशेब

आपली नमुन्याची गाडी महामार्गावर एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाते असं धरू. म्हणजे एका टक्क्याला २.६ किलोमीटर. चिपळूणला पोहोचलो तेव्हा बॅटरी २३ टक्के. तिथून कुडाळ ढोबळमानानं २१५ किलोमीटर. म्हणजे ८३ टक्के बॅटरी लागणार.

पहिली पद्धत: चिपळूणलाच शंभर करायचं आणि मग मधे कुठेही न थांबता कुडाळ गाठायचं. २३ पासून ८० पर्यंत ३३ मिनिटं आणि तिथून शंभरपर्यंत आणखी ६०. एकूण ९३ मिनिटं. कुडाळला पोहोचताना १७ टक्के शिल्लक.

दुसरी पद्धत: चिपळूणला ८० टक्क्यांवर गन काढायची, ३३ मिनिटांत. सुमारे ८० किलोमीटरवर हातखंबा. तिथे पोहोचताना ४९ टक्के उरतात. पुढे कुडाळ १३५ किलोमीटर, म्हणजे ५२ टक्के. तिथेही १७ टक्के शिल्लक ठेवायचे तर हातखंब्याच्या आसपास ६९ पर्यंतच भरावं लागेल, आणि त्याला लागतात १२ मिनिटं. एकूण ४५ मिनिटं. दुसऱ्यांदा थांबणं, गन लावणं, ॲप उघडणं यांची दहा मिनिटं धरली तरी ५५.

अंतर तेच, शिल्लक तेवढीच, आणि ३८ मिनिटं वाचली. दुसऱ्या पद्धतीत गाडी दोन्ही वेळा आलेखाच्या उंच भागातच चार्ज झाली, एवढाच फरक. शिवाय चिपळूणच्या रांगेतल्या पुढच्या गाडीला तासभर आधी जागा मिळाली.

पण या हिशेबाला एक अट आहे: पुढचा चार्जर चालू असला पाहिजे आणि तिथे मोठी रांग नसली पाहिजे. पावसाळ्यात कोकणात वीज जाते, व्होल्टेज कमी-जास्त होतं, चार्जर ट्रिप होऊन पडतात. निघण्यापूर्वी ॲपमध्ये तो चार्जर चालू दिसतोय का आणि त्याच्या आसपास दुसरा पर्याय आहे का, दोन्ही बघून घ्यावं. महामार्ग सोडून गुहागर, वेळास, देवगड अशा किनाऱ्याच्या बाजूला जायचं असेल तर मी तरी जेवणाचा वेळ साधून नव्वदपर्यंत भरून घेईन. तिथे फास्ट चार्जर विरळ आहेत, आणि ऐंशीवर गन काढायच्या हट्टापायी आडरस्त्याला अडकण्यात शहाणपण नाही.

मग चार्जर खरंच बिघडलाय हे कसं ओळखायचं?

टक्केवारी आणि करंट एकत्र बघायचे. ८७ टक्क्यांना ४० अँपिअर दिसत असतील आणि ते सावकाश उतरत असतील तर सगळं ठीक आहे. ३० टक्क्यांना ४० अँपिअरच येत असतील तर मात्र काहीतरी अडलंय.

अशा वेळी आधी शेजारची गन बघा. दोन गन असलेले बरेच चार्जर आपली क्षमता वाटून देतात. शेजारी दुसरी गाडी लागली की ६० चे एका क्षणात ३० होतात. ही घसरण आलेखासारखी हळू नसते, एकदम अर्ध्यावर येते. त्यावरून ती ओळखता येते. तसं असेल तर नुकसान वाटतं त्यापेक्षा कमी आहे. आपल्या नमुन्याच्या गाडीला ३० किलोवॉटनं १० ते ८० व्हायला ५६ मिनिटं लागतील, आणि ऐंशीनंतरच्या भागात तर काहीच फरक पडणार नाही, कारण तिथे गाडीच कमी मागते.

‘चार्जरवर ६० लिहिलंय आणि मला ३६ च का?’ याचं उत्तर पुष्कळदा गनच्या अँपिअर-मर्यादेत असतं. गन १०० अँपिअरची असेल आणि बॅटरीचं व्होल्टेज ३६० असेल तर ३६ च्या वर जाणं शक्य नाही. पाटीवरचे ६० जास्त व्होल्टेजच्या गाडीला मिळतील.

तिसरं कारण उष्णता. एप्रिल-मेच्या दुपारी घाट चढून, भरधाव येऊन लगेच गन लावली तर बॅटरी आधीच तापलेली असते, आणि साधारण पंचेचाळीस अंशांच्या पुढे अनेक गाड्या करंट कमी करू लागतात. गाडी सावलीत असेल आणि बॅटरी थंड करणारी यंत्रणा चालू असेल तर काही मिनिटांत वेग पुन्हा वाढतो. करंट वारंवार शून्यावर जाऊन परत येत असेल तर मात्र दोष चार्जरचा किंवा त्याला येणाऱ्या विजेचा धरावा आणि दुसरी गन किंवा दुसरं ठिकाण बघावं.

शंभर टक्के केलं तर बॅटरी खराब होते का?

प्रवासाच्या आदल्या रात्री शंभर करून सकाळी निघालात तर काही बिघडत नाही. बीएमएस आपल्या मर्यादा पाळतंच. बॅटरीला त्रास होतो तो शंभरवर भरून तशीच उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवल्यानं. चार-आठ दिवस गाडी रत्नागिरी स्टेशनबाहेर ठेवून मुंबईला जाणार असाल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवून जाणं चांगलं.

एलएफपी बॅटरीला मात्र अधूनमधून शंभर करावं लागतं. या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बॅटरी ४० टक्क्यांवर आहे की ६० वर हे बीएमएसला व्होल्टेजवरून नीट कळत नाही. पूर्ण भरल्यावरच त्याचा हिशेब जुळतो आणि सेलही बरोबरीला येतात. किती दिवसांनी करायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते न केल्यास दाखवलेली टक्केवारी हळूहळू खोटी पडत जाते, आणि स्क्रीनवर १२ टक्के असताना गाडी अचानक ५ दाखवू शकते.

भरलेल्या बॅटरीची आणखी एक अडचण घाटाखाली राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. इलेक्ट्रिक गाडी उतारावर मोटर उलटी वापरून वेग आवरते आणि त्यातून तयार झालेली वीज बॅटरीत टाकते. पण शंभर टक्के भरलेली बॅटरी चार्जरकडून करंट घेत नाही तशी मोटरकडूनही घेत नाही. आंबोलीत पूर्ण चार्ज करून लगेच सावंतवाडीकडे उतरायला लागलात तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर नेहमीसारखी पकड जाणवणार नाही आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येईल. ब्रेक बिघडलेले नसतात, बॅटरीत जागा नसते. वर ८५-९० वरच थांबलात तर घाट उतरताना मोटरची पकडही मिळते, आणि उरलेल्यांपैकी थोडे टक्के घाट स्वतःच भरून देतो.